गीझरची ज्योत मंद: दाब कमी की डायफ्राम फाटला?

गॅस गीझर नीट चालेना की "डायफ्राम बदला" हे ठरलेलं उत्तर मिळतं. नळाला गरम पाणी करंगळीएवढं येत असतानाही तेच. हे चूक आहे. डायफ्राम फाटल्याने पाण्याची धार बारीक होत नाही.

सेल जुने झाले की ठिणगी पडत नाही, सिलिंडर संपत आला की शेगडीही मंद जळते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ पुढे होतो.

डायफ्राम म्हणजे पाण्याच्या खोक्यातली रबराची चकती. पाणी वाहायला लागलं की तिच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, चकती फुगते आणि पिन ढकलते. पिन गॅसची झडप उघडते आणि ठिणगीचं बटण दाबते. चकतीला बारीक भोक पडलं तर दाब दोन्हीकडे सारखा होऊ लागतो, पिन अर्धवट सरकते आणि धार जोरात असूनही ज्योत मंद राहते. पूर्ण फाटली तर ठिणगीच पडत नाही. दाब कमी असेल तर चकती धडधाकट असूनही फुगत नाही. ज्योतीकडे बघून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आधी धार बघा.

खानापूरकडचं एकमजली घर घ्या. स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर, शॉवर साडेसहा फुटांवर. टाकीत तीन फूट पाणी असेल तर उंचीचा फरक साडेसहा फूट, म्हणजे जेमतेम 0.2 बार. पहिल्या दोघांची आंघोळ होते. पाणी फूटभर उरलं की फरक साडेचार फुटांवर येतो आणि तिसऱ्याच्या वेळी गीझर विझतो. त्याच गीझरवर खालचा बादलीचा नळ सोडला की मात्र ज्योत पेटते. हा दाबाचाच दोष. फाटलेली चकती टाकी भरली म्हणून बरी होत नाही.

इथे नवा डायफ्राम म्हणजे पैसे पाण्यात. टाकीला चार-पाच फुटांचा स्टँड करा. थंड पाणी जोरात आणि गरमच बारीक येत असेल, तर गीझरच्या इनलेटची जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्याचा क्षार आतल्या तांब्याच्या नळीतही बसतो.

धार चांगली आहे, सेल नवे आहेत, शेगडी जोरात जळते आणि तरी गीझर मंद, तेव्हाच चकती काढा. गॅस आणि पाणी बंद करून पाण्याचं खोकं उघडा. चकती उजेडात ताणून धरली की चीर दिसते. जुनी चकती दुकानात नेऊन मापाला माप जुळवा. काही चकत्यांना कडेला मुद्दाम ठेवलेलं भोक असतं. ते खोक्याच्या भोकावरच यायला हवं, नाहीतर नवी चकतीही हलणार नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. गॅसचा जोड हलला असेल तर साबणाचा फेस लावून तपासल्याशिवाय पेटवू नका.