गाउटची गोळी हृदयाला कशाला?

‘बाबांच्या हृदयाच्या आवरणाला सूज आलीय. डॉक्टरांनी कोल्चिसिन दिलं, पण औषधाच्या दुकानात म्हणाले, ही तर गाउटची गोळी! चुकून लिहिली का?’

नाही. गाउट म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांध्याला, बहुधा पायाच्या अंगठ्याला, येणारी सूज. पण मुळात ही गोळी युरिक ॲसिड कमी करतच नाही. ती पांढऱ्या पेशींच्या आतला सांगाडा ढिला करते, त्यामुळे त्या सुजेच्या जागी जोमाने धावत नाहीत. मग ती जागा अंगठा असो वा हृदयाचं आवरण.

२०१३ च्या ‘आयकॅप’ चाचणीत नेहमीच्या उपचाराला तीन महिने कोल्चिसिनची जोड दिली. दुखणं रेंगाळण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण ३७.५ टक्क्यांवरून १६.७ वर आलं. डोस ०.५ मिलिग्रॅम, सत्तर किलोपर्यंत वजन असेल तर दिवसातून एकदा, जास्त असेल तर दोनदा. छाती दुखायची थांबली की लोक गोळी सोडतात, आणि दुखणं परततं.

हार्ट अटॅकनंतरचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरातही सूज असते, म्हणून तिथेही ही गोळी वापरून पाहिली. २०१९ च्या ‘कोलकॉट’मध्ये फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या ‘क्लिअर’ चाचणीत दिसला नाही.

जुलाब लागले, किडनी अधू असली किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. या अँटिबायोटिकमुळे कोल्चिसिन शरीरात साचून विषारी ठरू शकतं.