मृग आकाशात आणि गुलमोहर अंगणात

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकूंनी दोन फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "ओळखा पाहू, मी कुठे आहे?" पहिला फोटो भर दुपारचा. अंगणात लालभडक फुललेला गुलमोहर, त्याच्याखाली सुती साडीतल्या काकू, शेजारी हाफ पँट घातलेली दोन पोरं. दुसरा फोटो रात्रीचा, कौलांच्या कडेवर चमकणाऱ्या ताऱ्यांचा. पाच मिनिटांत सात जणांनी "कोकण, मे महिना" असं उत्तर देऊन टाकलं.

गुलमोहर म्हटलं की आपल्या डोक्यात परीक्षा संपलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फोटोवरून जागा शोधताना झाड आपल्याला महिना सांगत नाही, ऋतू सांगतो. महिना आपण आपल्या सवयीने जोडतो. उन्हाळा मे महिन्यात येतो हे विषुववृत्ताच्या उत्तरेला खरं, दक्षिणेला तोच उन्हाळा डिसेंबरात असतो. म्हणून ऋतू एका पुराव्यावरून काढायचा आणि महिना अगदी वेगळ्या पुराव्यावरून. दोन्ही आपल्याकडच्या कॅलेंडरशी जुळले तर उत्तर गोलार्ध. सहा महिन्यांचा फरक पडला तर दक्षिण.

आधी ऋतू. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणजे दक्षिण गोलार्धातलाच. कोरड्या दिवसांत तो पानं टाकतो आणि पाऊस यायच्या आधी, उन्हाच्या शेवटी फुलतो. मुंबई-कोकणात हे एप्रिल ते जून या काळात घडतं. मादागास्कर, मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन किंवा ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन इथे तोच तमाशा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत चालतो. मात्र झाड नीट पाहायला हवं. एखादी फांदी भलत्याच वेळी फुलते, आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ जिथे कोरडा ऋतू धड नसतो तिथे गुलमोहर वेळापत्रक पाळत नाही. काकूंच्या फोटोत सगळं झाड एकदम फुललेलं होतं, खाली पाकळ्यांचा सडा होता आणि फांद्यांवर गेल्या वर्षीच्या एक-दोन काळपट, हातभर लांब शेंगा लोंबत होत्या. म्हणजे हा ऐन बहर. पानं फोटो मोठा करून तपासली. बारीक, पिसासारखी. हे तपासणं महत्त्वाचं, कारण दुरून लाल दिसणारा पांगाराही असतो, आणि तो आपल्याकडे शिमग्याच्या सुमारास फुलतो. झाडच चुकलं तर पुढचा सगळा हिशोब दोन-तीन महिन्यांनी घसरतो.

कपडेही उन्हाळाच म्हणत होते, पण कपड्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. कपडे हवेचं तापमान सांगत नाहीत, त्या माणसांना काय सवय आहे ते सांगतात. मुंबईत पहाटे पारा अठरावर आला की वॉचमन माकडटोपी चढवतो, आणि त्याच तापमानात युरोपातून आलेला पाहुणा अर्ध्या बाह्यांत समुद्रावर निघतो. पर्यटक तर सर्वांत वाईट साक्षीदार. पाहायचं ते त्या जागेच्या माणसांकडे, आणि एकाकडे नाही तर मागच्या गर्दीकडे. काकूंच्या मागे रस्त्यावर चार-पाच माणसं दिसत होती, सगळी सुती, सैल कपड्यांत, पायात सपाता. कुणाच्या काखेत छत्री नाही, रेनकोट नाही. इतकंच कळलं की गरम आहे आणि पाऊस अजून रोजचा झालेला नाही.

आता महिना. पहिल्या फोटोत शेजारच्या घराच्या ओसरीवर कागदी चांदणी टांगलेली होती, नाताळात गोव्यात घरोघर दिसते तशी. मी आनंदाने उडालोच होतो. पण मग आठवलं की ती चांदणी उतरवायचा कंटाळा करून मे महिन्यापर्यंत लटकत ठेवणारी घरं मी स्वतः पाहिली आहेत. सजावट माणसाच्या हातची असते, ती शिळी असू शकते. फोटोसोबत तारीख-वेळेची नोंद मिळाली असती तर प्रश्नच मिटला असता, पण व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवला की ती नोंद गळून जाते.

मग उरलं आकाश. दुसऱ्या फोटोत कौलांच्या कडेच्या बऱ्याच वर तीन तारे एका ओळीत, आणि त्यांच्याभोवती चार तारे. मृग नक्षत्र न ओळखणारा माणूस आपल्याकडे विरळा. आणि इथेच "कोकण, मे महिना" कोसळलं. आपल्याकडे ७ जूनच्या सुमारास मृग लागतो असं म्हणतात, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. सूर्य जिथे असतो तिथले तारे दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात, म्हणून मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. मेच्या मध्यापासूनच तो संध्याकाळच्या उजेडात बुडालेला असतो. काळोख्या रात्री तो असा उंच दिसतो तो हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. काकूंना विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "जेवून गप्पा मारून झाल्यावर, बाराच्या आसपास काढलाय." बाराच्या सुमारास मृग सर्वांत उंच असतो तो डिसेंबरात. आता ती चांदणी ताजी ठरली.

डिसेंबर आणि ऐन बहरातला गुलमोहर. कोकणात हे दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

त्याच फोटोने दुसरी साक्षही दिली. मुंबईतून मृग पाहताना आपण दक्षिणेकडे तोंड करतो. त्यातला तांबूस तारा काक्षी वर डावीकडे असतो आणि निळसर तारा राजन्य खाली उजवीकडे. दक्षिण गोलार्धातून तोच मृग उत्तरेकडे तोंड करून पाहावा लागतो, त्यामुळे चित्र उलटं होतं. राजन्य वर डावीकडे जातो, काक्षी खाली उजवीकडे येतो. काकूंच्या फोटोत तांबूस तारा खाली होता, कौलांच्या बाजूला. ही कौलांची कड फार मोलाची. फोन सरळ डोक्यावर धरून आकाशाचा फोटो काढला तर त्यात वर-खाली काहीच नसतं, कसाही फिरवा. आणि नक्षत्र नुकतंच उगवत किंवा मावळत असेल तर दोन्ही गोलार्धांत ते जवळपास आडवंच दिसतं, तेव्हा ही खूण वापरू नये.

अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचंही असंच. शुक्ल पक्षात संध्याकाळी त्याची उजळ बाजू आपल्याला उजवीकडे दिसते, दक्षिणेतल्यांना डावीकडे. फक्त तो सेल्फी नसावा. पुढच्या कॅमेऱ्याचे काही फोटो आरशासारखे उलटे साठवले जातात, आणि मग चंद्र बिनदिक्कत खोटं बोलतो.

दक्षिण ठरलं, पण दक्षिणेत कुठे? इथे मी पुन्हा दुपारच्या फोटोकडे वळलो आणि सावली मोजायला बसलो. बरेच जण सावलीची दिशा पाहतात. दुपारी सूर्य उत्तरेला असेल तर दक्षिण गोलार्ध, असा सोपा नियम सांगितला जातो. उष्ण कटिबंधात तो दगा देतो. मुंबईतच मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या दोन तारखांना, साधारण १५ मे आणि २७ जुलैला, ती भर दुपारी नाहीशीच होते. तेव्हा दिशेपेक्षा लांबी पाहावी, तीही उभ्या, सरळ वस्तूची.

अंगणात कपडे वाळत घालायचा एक खांब होता आणि त्याची सावली कॅमेऱ्यासमोर आडवी पडली होती. आडवी असणं हे नशीब, कारण कॅमेऱ्याकडे येणारी किंवा त्याच्यापासून दूर जाणारी सावली फोटोत आखूड दिसते. खांबाच्या उंचीच्या सहाव्या भागाहूनही ती थोडी कमी भरली. याचा अर्थ सूर्य क्षितिजापासून ८० अंशांहून वर होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य २३ अंश दक्षिणेच्या थोडा पलीकडे, म्हणजे मकरवृत्ताजवळ डोक्यावर असतो. तो ८० अंशांवर जायचा असेल तर जागा त्या रेषेच्या दहा अंश अलीकडे-पलीकडेच असायला हवी, म्हणजे १३ ते ३३ अंश दक्षिण. घड्याळात किती वाजले होते हे माहीत नसलं तरी चालतं, कारण सूर्य दुपारी चढतो त्याहून वर कधीच जात नाही. तुलनेसाठी मुंबई घ्या. तिथे नाताळात भर बारा-साडेबारालाही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. पाच फुटी माणसाची सावली साडेचार फुटांहून आखूड होत नाही.

या पट्ट्यात डर्बन आहे, ब्रिस्बेन आहे, रिओ आहे, मादागास्करचा बराच भाग आहे, मॉरिशस आणि त्याच्या शेजारचं फ्रेंच रियुनियन बेट आहे. आकाश याहून बारीक सांगू शकत नव्हतं. इथून पुढे जमीन वाचायची.

अंगणापलीकडे ऊस होता, हिरवागार, तुरा नसलेला. तुरा नसणं जुळत होतंच. दिवस लहान होऊ लागले की उसाला तुऱ्याची चाहूल लागते, म्हणून आपल्याकडे तुरे नोव्हेंबर-डिसेंबरात दिसतात आणि दक्षिणेत मे-जूनच्या सुमारास. सांगली-कोल्हापूरकडे डिसेंबरात तुऱ्यांची रांग आणि तोडणीची गडबड दिसली असती. पण मला जास्त आवडले ते उसातून डोकं काढणारे काळ्या दगडांचे मोठे ढीग, नीट रचलेले. मॉरिशसमध्ये शेतं मोकळी करताना माणसांनी हातांनी वेचलेले हे ज्वालामुखीचे काळे दगड. ते वेचणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर गेलेले भारतीय मजूर होते, आणि रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही त्यांत होती. दगड मात्र रियुनियनमध्येही काळेच आहेत, तेही ज्वालामुखीचंच बेट. शेवटी कुंपणाशी उभ्या गाडीच्या काचेतून स्टिअरिंग दिसलं, उजवीकडे. रियुनियनमध्ये फ्रान्ससारख्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं. मॉरिशसमध्ये आपल्यासारखं.

मी ग्रुपवर लिहिलं, "मॉरिशस, नाताळच्या आसपास." काकूंचा अंगठा आला. पाठोपाठ गेल्या गणपतीत तिथल्याच नातलगांनी पाठवलेला विसर्जनाचा फोटो त्यांनी टाकला. गणपती म्हणजे भाद्रपद, महिन्याबद्दल वादच नाही. आपल्याकडे तेव्हा भातशेतं हिरवीगार आणि मिरवणुकीवर प्लॅस्टिक धरलेलं. त्या फोटोत आकाश कोरडं, मिरवणुकीमागे अर्धा तोडलेला ऊस, आणि एका आजींनी नऊवारीवर स्वेटर घातलेला.