सोळा आकड्यांची पुंजी चाळिसाव्या एककाला संपते

तीन समीकरणं आहेत. त्यांत वजाबाकी आणि गुणाकार यांपलीकडे काही नाही:

```
dx/dt = 10 (y − x)
dy/dt = x (28 − z) − y
dz/dt = x y − (8/3) z
```

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी ती १९६३ साली एका शोधनिबंधात मांडली. खालून तापणाऱ्या द्रवात अभिसरण कसं होतं, याचं हे फार सोपं केलेलं रूप. बॅरी साल्ट्झमन यांच्या सात चलांच्या प्रारूपातून लोरेन्झनी तीनच चलं ठेवली. इथे x म्हणजे अभिसरणाचा वेग, तर y आणि z ही तापमानातल्या फरकांची मापं. वेळेलाही सेकंद किंवा तास नाहीत, नुसती एककं आहेत. (दशांशानंतरचे आकडे गाळल्यामुळे हवामानाचा अंदाज भरकटला, ही लोरेन्झची प्रसिद्ध हकीकत १९६१ ची आणि बारा समीकरणांच्या प्रारूपातली. या तीन समीकरणांना ती उगाच चिकटवली जाते.)

आता या क्षणीचे x, y, z माहीत असतील तर पुढच्या क्षणाचे काढता येतात, त्यात नशिबाला जागाच नाही. (१, १, १) पासून सुरुवात करू. बदलाचे वेग अनुक्रमे ०, २६ आणि −१.६६७ येतात. वेळ ०.०१ ने पुढे ढकलली की नवी जागा (१, १.२६, ०.९८३). तिथून पुन्हा तेच केलं की (१.०२६, १.५१८, ०.९७०). कागदावर करता येईल असं हे काम संगणक हजारो वेळा करतो, फरक इतकाच की पाऊल टाकताना तो जरा अधिक काळजी घेतो. या आकडेमोडीतून निघणारा बिंदू दोन पाकळ्यांच्या आकृतीत फिरत राहतो. एका पाकळीत काही फेऱ्या, मग दुसरीत काही, पुन्हा पहिलीत. मार्ग तोच कधी परत येत नाही.

दीर्घ मुदतीचा अंदाज इथे का फसतो हे पाहायचं तर दोन जुळे बिंदू सोडावे लागतात. खालचा प्रोग्राम आधी एका बिंदूला तीस एककं फिरवून त्याच्या नेहमीच्या वाटेवर आणतो. मग त्याची नक्कल काढतो, नकलेच्या x मध्ये फक्त एक दशलक्षांशाची भर घालतो आणि दोघांमधलं अंतर दर एककाला छापतो.

```python
import numpy as np
def f(v):
    x, y, z = v
    return np.array([10*(y-x), x*(28-z)-y, x*y-8*z/3])
def step(v, h):
    a = f(v); b = f(v+h/2*a)
    c = f(v+h/2*b); d = f(v+h*c)
    return v + h/6*(a+2*b+2*c+d)
h = 0.01
p = np.array([1.0, 1.0, 1.0])
for i in range(3000):
    p = step(p, h)
q = p + np.array([1e-6, 0, 0])
for i in range(4001):
    if i % 100 == 0:
        print(i*h, np.linalg.norm(p-q))
    p, q = step(p, h), step(q, h)
```

x चा साधा आलेख काढला तर बराच वेळ दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसतात आणि मग अचानक फाटा फुटतो. ही अचानकता मात्र डोळ्यांची फसवणूक आहे. अंतर लघुगणकी पट्टीवर मांडा, म्हणजे ०.००१, ०.०१, ०.१ ही चिन्हं सारख्या अंतरावर येतील. आता आलेख पहिल्या क्षणापासून, थोडे हेलकावे खात, पण एकंदरीत सरळ चढताना दिसतो. शेवटी अंतर दहा-वीसच्या घरात पोचलं की तो सपाट होतो. कारण आकृतीचाच आकार तेवढा आहे, दोन बिंदू त्याहून लांब जाणार कुठे? तिथून पुढे दोघांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

त्या चढत्या रेषेचा उतार हीच कळीची संख्या. लायपुनॉव्ह घातांक या नावाने ती ओळखली जाते आणि या तीन समीकरणांसाठी ती सुमारे ०.९०६ आहे. म्हणजे सरासरीने दर ०.७७ एककाला चूक दुप्पट होते आणि दर २.५४ एककांना दहापट. आता हिशेब सोपा झाला. दशलक्षांशापासून दहापर्यंत जायला सात वेळा दहापट व्हावं लागतं, म्हणून अंदाज साधारण अठराव्या एककापर्यंत टिकेल. सुरुवातीची किंमत हजारपट अचूक घेतली, चूक एक अब्जांशावर आणली, तर पंचविसाव्या एककापर्यंत. एक-दोन एककं इकडे-तिकडे होतात, पण घोळ कुठे आहे ते कळतं: अचूकता हजारपट वाढवली तरी पदरात पडतात फक्त साडेसात एककं. अचूकता गुणाकाराने वाढवावी लागते आणि मुदत मिळते ती बेरजेने.

हा गुणाकार येतो कुठून? दुसऱ्या समीकरणातलं x (28 − z) हे पद पाहा. x मध्ये किंचित फरक पडला की y च्या वेगात त्याच्या (२८ − z) पट फरक पडतो. बिंदू आकृतीच्या तळाकडे, z कमी असताना येतो तेव्हा हा गुणक मोठा असतो. नेमकं तिथेच, z अक्षाच्या जवळ, डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरतं. अक्षाच्या अलीकडे-पलीकडे असलेले दोन शेजारी बिंदू तिथून वेगवेगळ्या पाकळ्यांत जातात.

गंमत म्हणजे हीच समीकरणं आकुंचनही घडवतात. बिंदूंचा एक छोटा गोळा सोडला तर त्याचं आकारमान एका एककात जवळजवळ दशलक्षांश होतं. तरीही त्यातले बिंदू एकमेकांपासून दूर जातात, कारण गोळा एका दिशेने जबरदस्त चपटा होतो आणि दुसऱ्या दिशेने एककाला सुमारे अडीचपट ताणला जातो. ताणलेला पट्टा आकृतीबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो वळून स्वतःवर घडी घालतो. सुतरफेणी करताना साखरेच्या पाकाचं कडं ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं, तसंच हे. पहिल्या ओढीला शेजारी असलेले दोन कण विसाव्या ओढीनंतर कुठल्या कुठे असतात.

लोरेन्झनी हेच आणखी नेटकेपणाने दाखवलं. दर फेरीत z ज्या कमाल उंचीला पोचतो तेवढी एकच संख्या त्यांनी टिपली आणि प्रत्येक कमाल उंचीसमोर पुढच्या फेरीची कमाल उंची मांडली. तंबूसारखी टोकदार आकृती मिळाली, दोन्ही बाजूंनी एकापेक्षा जास्त उताराची. उतार एकापेक्षा जास्त, याचा अर्थ या फेरीत उंची मोजण्यात झालेली चूक पुढच्या फेरीत वाढणारच. एक फेरी सरासरी पाऊण एककाची असते आणि तेवढ्या वेळात चूक जवळपास दुप्पट होते. तीन चलांचा सगळा गुंता दर फेरीला दुप्पट इतका सुटसुटीत होऊन बसतो. त्या शोधनिबंधातली माझी सर्वांत आवडती आकृती हीच.

आता एक अडचण. वरच्या प्रोग्राममध्ये दोन्ही जुळ्यांना आपण सारख्याच पावलांनी चालवलं. पाऊल ०.०१ चं असल्यामुळे होणारी चूक दोघांना जवळपास सारखीच होते, म्हणून त्यांच्यातल्या अंतरात ती दिसतच नाही. सुरुवातीचा फरक 1e-12 ठेवलात तर जुळे तेहतिसाव्या एककापर्यंत हातात हात घालून चालतील आणि आपली समजूत होईल की तिथवरचं उत्तर खरं आहे. पडताळा सोपा आहे. सुरुवात अगदी तीच ठेवा आणि h अर्धा करून पुन्हा चालवा. दोन्ही उत्तरं पंधरा-वीस एककांच्या आतच फाटतील. म्हणजे जुळे एकमेकांना धरून होते, पण खऱ्या मार्गापासून दोघंही केव्हाच सुटले होते. आलेख मात्र आधीइतकाच गुळगुळीत दिसतो, चूक झाल्याची कसलीही खूण तो दाखवत नाही.

पाऊल कितीही बारीक केलं तरी संगणकाचा दशांश संपतोच. नेहमीच्या प्रोग्राममध्ये संख्या सुमारे सोळा सार्थ अंकांपर्यंत साठवली जाते. `10*(y-x)` च्या जागी `10*y-10*x` लिहून पाहा. शाळेच्या बीजगणितात दोन्ही एकच, संगणकात शेवटच्या अंकाचं पूर्णांकन वेगळं होतं. सोळाव्या अंकातली ती चूक दर २.५४ एककांना दहापट होत पस्तीस ते चाळीस एककांच्या दरम्यान पूर्ण वाढते. सुरुवातीची किंमत शंभर टक्के अचूक असली तरी यापुढे जाता येत नाही. जायचंच असेल तर आणखी अंक लागतात. चिनी संशोधक शिजुन लियाओ आणि सहकाऱ्याने महासंगणकावर दहा हजार एककांपर्यंतचा मार्ग काढला, तेव्हा प्रत्येक संख्या चार हजारांहून जास्त अंकांनी साठवावी लागली. २.५४ ने भागून पाहा, हिशेब जुळतो.

लोरेन्झनी १९६३ मध्ये स्वतः साठ एककांपर्यंत आकडेमोड केली होती. त्यातल्या उत्तरार्धाचा मार्ग, बिंदूगणिक पाहिलं तर, त्या सुरुवातीचा खरा मार्ग असूच शकत नाही. तरीही त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकले, कारण ते एका विशिष्ट मार्गाबद्दल नव्हते. h बदला, सुरुवात बदला, समीकरणाची मांडणी बदला. दीर्घ काळ चालवलं की z ची सरासरी प्रत्येक वेळी २३.५५ च्या आसपासच येते आणि x ची शून्याकडे झुकते. शंभराव्या एककाला बिंदू कुठल्या पाकळीत असेल हे कळणार नाही, पण पाकळ्यांचा आकार आणि तिथे घालवलेल्या वेळाचं प्रमाण कळतं.

शिवाय ०.९०६ ही सरासरी आहे, जागोजागी दर वेगळा असतो. पाकळीच्या मध्याशी, म्हणजे (८.४९, ८.४९, २७) च्या जवळ, बिंदू सावकाश बाहेर सरकत गोल फिरतो. तिथला वाढीचा दर जेमतेम ०.०९४. त्या भागातून सुटलेले जुळे बऱ्याच फेऱ्या एकत्र काढतात. तळाशी z अक्षाजवळून सुटलेले जुळे मात्र पहिल्याच वळणावर वेगळे होऊ शकतात. तेव्हा अंदाज किती टिकेल हे आज आपण आकृतीत कुठे आहोत यावरही अवलंबून असतं, आणि ते आधी तपासता येतं: एकाऐवजी किंचित वेगळे वीस बिंदू सोडायचे आणि घोळका केव्हा फाकतो ते पाहायचं.

खऱ्या हवामानात चलं तीन नसून कोट्यवधी आहेत, पण युक्ती हीच वापरतात. भारतीय हवामान खात्याला जून २०१८ मध्ये मिळालेल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या प्रणालीत बारा किलोमीटरच्या जाळीवर एकाच वेळी एकवीस अंदाज चालतात: एक मूळ आणि वीस किंचित वेगळ्या सुरुवातींचे. एकवीसही जण एखाद्या जिल्ह्यात मुसळधार पाऊस दाखवत असतील तर तो ठामपणे सांगता येतो. निम्म्यांनीच दाखवला, तर पन्नास टक्के शक्यता असं सांगावं लागतं.