सूटवर सूट: नफा-तोट्याची गणितं गुणकाने कशी सोडवावीत
(आमच्या शनिवार-रविवारच्या बॅचमधील विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे)

एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. शाळेत शिकलेली शेकडा काढण्याची पद्धत बरोबरच आहे, पण प्रत्येक पायरीला ‘१०० ला इतके तर ५६० ला किती’ असं मांडत बसलात तर एकाच प्रश्नात दीड मिनिट जातं. म्हणून आम्ही नफा-तोट्याचा धडा पहिल्या दिवसापासून गुणकाने शिकवतो. हे पत्रक घरी वाचण्यासाठी आहे. एका बैठकीत वाचून होईल, मात्र शेजारी कोरा कागद ठेवा.

गुणक म्हणजे जुन्या रकमेला ज्या संख्येने गुणलं की नवी रक्कम मिळते ती संख्या. २० टक्के नफा झाला तर १०० चे १२० झाले, म्हणून गुणक १.२. २० टक्के तोटा किंवा सूट असेल तर १०० चे ८० उरले, म्हणून गुणक ०.८. इथे मनाला एक सवय लावायची. ‘किती गेले’ हे न बघता ‘किती उरले’ हे बघायचं. १५ टक्के सूट वाचली की डोक्यात १५ नाही, ८५ आलं पाहिजे.

आता राममारुती रोडवरच्या एखाद्या कपड्याच्या दुकानात घडू शकेल असं उदाहरण घेऊ. दुकानदाराने ५०० रुपयांना घेतलेल्या कुर्त्यावर ४० टक्के वाढवून छापील किंमत लावली. सणाला त्यावर २० टक्के सूट दिली आणि बिल करताना आणखी १० टक्के. त्याला नफा किती टक्के झाला?

बहुतेक जण पहिल्यांदा ४० मधून ३० वजा करतात आणि १० टक्के हा पर्याय निवडून मोकळे होतात. परीक्षक तो पर्याय मुद्दाम ठेवतात. गुणकाने बघा:

१.४ × ०.८ × ०.९ = १.००८

म्हणजे नफा जेमतेम ०.८ टक्के. पटत नसेल तर रुपयांत ताळा करा. ५०० चे ७०० झाले, २० टक्के सुटीनंतर ५६०, त्यावर १० टक्के सूट गेल्यावर ५०४. पाचशेच्या मालावर चार रुपये सुटले. वजाबाकी चुकते कारण ते ४० टक्के ५०० वरचे आहेत, २० टक्के ७०० वरचे आणि १० टक्के ५६० वरचे. तीन वेगवेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांत मिळवता किंवा वजा करता येत नाहीत. गुणकांचा मात्र गुणाकार करता येतो, कारण प्रत्येक गुणक आधीच्या रकमेवरच लागतो.

तोंडी करताना दशांशचिन्ह बाजूला ठेवा. १४ × ८ × ९ म्हणजे १४ × ७२ = १००८, आणि शेवटी तीन स्थळं मागे या. गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्यामुळे सोयीची जोडी आधी शोधा. १.२५ आणि ०.८ एकत्र दिसले की त्यांचा गुणाकार सरळ १ होतो. आणि १२½ टक्के किंवा ३३⅓ टक्के सूट आली तर दशांशाच्या मागे लागू नका. तिथे ७/८ आणि २/३ हेच गुणक ठेवा. अपूर्णांकाशी आपलं वैर नाही, फक्त लांबलचक मांडणी टाळायची आहे.

उलटं यायचं असेल तर भागायचं. इथे चांगले अभ्यासू विद्यार्थीही अडखळतात. एक वस्तू ६८० रुपयांना विकल्याने १५ टक्के तोटा झाला, १५ टक्के नफा हवा असेल तर कितीला विकावी? पुष्कळ जण ६८० चे १५ टक्के काढून त्यात मिळवतात आणि खरेदी किंमत ७८२ धरतात. पण तोटा नेहमी खरेदी किमतीवर मोजतात, विक्री किमतीवर नाही. खरेदी किंमत ६८० ÷ ०.८५ = ८००. आणि ती वेगळी काढायचीही गरज नाही:

६८० × १.१५ ÷ ०.८५ = ६८० × २३ ÷ १७ = ४० × २३ = ९२०

आलेली खरेदी किंमत बरोबर आहे का हे तपासायला गुणकाने पुन्हा पुढे या. ८०० × ०.८५ = ६८० जुळतं, पण ७८२ × ०.८५ केलं तर ६६५ च्या आसपास येतं. पाच सेकंदांत चूक सापडते.

आता ही पद्धत कुठे चालत नाही, ते नीट समजून घ्या. आमच्या सराव परीक्षांत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. प्रश्न असा: दोन जुने मिक्सर प्रत्येकी १००० रुपयांना विकले, एकावर २५ टक्के नफा आणि दुसऱ्यावर २० टक्के तोटा झाला, तर एकूण काय? हाताला सवय लागलेला विद्यार्थी १.२५ × ०.८ = १ करतो आणि ‘ना नफा ना तोटा’ असं लिहितो. खरी खरेदी मांडून पाहा. पहिला मिक्सर १००० ÷ १.२५ = ८०० ला घेतला होता, दुसरा १००० ÷ ०.८ = १२५० ला. खरेदी २०५०, विक्री २०००. म्हणजे ५० रुपयांचा तोटा, सुमारे २.४४ टक्के. एकाच वस्तूच्या किमतीवर एकामागून एक बदल होत असतील तरच गुणाकार करायचा. इथे वस्तू दोन आहेत, एकीच्या किमतीचा दुसरीशी संबंध नाही, म्हणून दोन्हीकडे भागून बेरीज करावी लागते.

घोटाळा वाढतो तो एका योगायोगामुळे. नफा आणि तोटा दोन्ही २० टक्के असले, तर १.२ × ०.८ = ०.९६ हा गुणाकार खरं उत्तरच देतो, ४ टक्के तोटा. टक्के सारखे आणि विक्री किंमतही सारखी, इतकं जुळलं तरच हे होतं. त्या एका प्रश्नावरून नियम बनवू नका.

दुसरी मर्यादा रुपयांच्या सुटीची. ७०० च्या वस्तूवर ‘२० टक्के आणि वर ५० रुपये कमी’ असेल तर आधी टक्के काढल्यावर ५१० उरतात, आधी ५० वजा केले तर ५२०. रुपयांच्या सुटीला गुणक नसतो, म्हणून तिथे प्रश्नातला क्रम नीट वाचावाच लागतो.

घरी एक प्रश्न सोडवून आणा. २० आणि १० टक्के अशा दोन सुटी देऊनही व्यापाऱ्याला ८ टक्के नफा हवा आहे, तर छापील किंमत खरेदीपेक्षा किती टक्के जास्त ठेवावी? उत्तर ५० टक्के येतं. ते कसं आलं हे एका ओळीत लिहून शनिवारी दाखवा. उत्तर ३८ आलं असेल तर तो कागद खोडू नका, तसाच घेऊन या. टक्क्यांची बेरीज नेमकी कुठे शिरली हे आम्हाला त्यावरूनच समजतं.