एचईआयसी छायाचित्राचे रूपांतर आणि मापबदल

फोनने काढलेले छायाचित्र अपलोड फॉर्मने नाकारले, तर ते फॉर्मला चालेल अशा प्रकारात आणि मापात आणण्याची क्रिया. यात सहसा दोन कामे असतात: एचईआयसी फाइलची जेपीईजी करणे आणि चित्रातील पिक्सेल कमी करणे. दोन्ही कामे मिनिटभराची आहेत. खरा वेळ जातो तो फॉर्मला नेमके काय खटकले हे ओळखण्यात.

याला भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘फाइलचा आकार योग्य नाही’ असा लाल अक्षरांतला संदेश आला, तर त्यातला आकार कोणता? मराठीत ‘आकार’ म्हणजे फाइलने व्यापलेली जागा, चित्राची लांबी-रुंदी आणि चौकोनाचे प्रमाणही. या नोंदीत केबी-एमबीतल्या आकड्याला ‘वजन’ आणि पिक्सेलमधल्या लांबी-रुंदीला ‘माप’ म्हटले आहे. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले नाहीत. वजनाने हलकी फाइल मापाने अवाढव्य असू शकते, आणि एचईआयसीच्या बाबतीत तर ती बहुतेक वेळा तशीच असते.

एचईआयसी ही हाइफ या मानकावर आधारलेली फाइल आहे. एमपेग या गटाने हे मानक २०१५ मध्ये पूर्ण केले. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर ते आयफोनवर आणले आणि आयफोन ७ पासून पुढच्या फोनांचा कॅमेरा मुळातच एचईआयसीमध्ये छायाचित्रे साठवू लागला. काही अँड्रॉइड फोनांतही ही सोय आहे, पण तिथे ती बहुधा आपण चालू करावी लागते. आतील चित्र एचईव्हीसी या व्हिडिओसाठी बनवलेल्या पद्धतीने दाबलेले असते. त्यामुळे तेवढ्याच दर्जाच्या जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत ते मावते. अडचण अशी की एचईव्हीसीवर पेटंटे आहेत आणि त्यांचे परवाने वेगवेगळ्या गटांकडून घ्यावे लागतात. म्हणून ब्राउझर आणि सर्व्हरवरची चित्र-सॉफ्टवेअरे तिच्यापासून लांब राहिली. सफारीने २०२३ मध्ये, आवृत्ती १७ पासून, एचईआयसी दाखवायला सुरुवात केली. क्रोम आणि फायरफॉक्स ती स्वतः उघडत नाहीत. जेपीईजी मात्र १९९२ पासूनची, आणि ती उघडत नाही असे यंत्र सापडणे कठीण. फॉर्म लिहिणारा म्हणूनच जेपीईजीवर थांबतो.

नाव बदलून भागत नाही

सर्वांत जास्त फसवणारी युक्ती म्हणजे IMG_4521.HEIC या फाइलचे नाव IMG_4521.jpg करणे. डबीवरची चिठ्ठी बदलली तरी आतला माल तोच राहतो. जेपीईजी फाइलचे पहिले तीन बाइट FF D8 FF असे असतात. एचईआयसीमध्ये पाचव्या बाइटपासून ftyp हा शब्द येतो आणि त्यापुढे heic किंवा mif1 असे काहीतरी. संशयित फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर निरर्थक चिन्हांच्या गर्दीत पहिल्याच ओळीत ftypheic स्पष्ट वाचता येते. तेवढी खूण पुरेशी आहे. मॅक किंवा लिनक्सवर हेच एका आज्ञेत कळते:

```
file IMG_4521.jpg
```

उत्तरात JPEG ऐवजी HEIF दिसले, तर फक्त नाव बदललेले आहे. काही फॉर्म केवळ नावाचे शेपूट तपासतात आणि अशी फाइल आत घेतातही. हे नाकारले जाण्यापेक्षा वाईट. ‘यशस्वी’ असा संदेश येतो आणि अर्जाच्या छापील प्रतीवर छायाचित्राच्या जागी कोरा चौकोन निघतो. म्हणून अपलोडनंतरचे पूर्वदृश्य दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आयफोनवरच फॉर्म भरताना एक चमत्कारिक प्रकार घडतो. फॉर्मने केवळ जेपीईजी मागितली असेल आणि छायाचित्र Photo Library मधून निवडले, तर फोन ते देता देताच जेपीईजी करून देतो. तेच चित्र Files मधून निवडले, तर मूळ एचईआयसी जशीच्या तशी जाऊ शकते. एकाच फोनवर, एकाच फॉर्मवर कालचे छायाचित्र चालले आणि आजचे नाही, या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

वजन कमी, तरी फॉर्म गप्प

मापाची अडचण वेगळ्या रूपात येते. आयफोनचे ४८ मेगापिक्सेल छायाचित्र ८०६४ × ६०४८ पिक्सेलांचे असते, म्हणजे सुमारे ४ कोटी ८८ लाख पिक्सेल. त्याची जेपीईजी दहा-बारा एमबीची होईल. पण सर्व्हरला ते लहान करायचे असेल, तर आधी पूर्ण उलगडावे लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला किमान तीन बाइट लागतात: सुमारे १४६ एमबी. पीएचपीमध्ये लिहिलेल्या फॉर्मला मुळात मिळणारी स्मृती १२८ एमबी. फॉर्म चित्र घेतो, उलगडायला बसतो आणि मध्येच कोसळतो. अर्जदाराला दिसते ते फिरत राहणारे चक्र किंवा ‘काहीतरी चुकले’. वजनाची मर्यादा पाळली असल्याने त्याला कारण सुचत नाही. असा गोंधळलेला संदेश येतो तेव्हा संशय मापावर घ्यावा. वजनाची अडचण असती, तर बहुधा लगेच स्पष्ट नकार किंवा ‘फाइल फार मोठी’ सांगणारा सर्व्हरचा 413 हा त्रुटी-आकडा आला असता.

एक उदाहरण

समजा, फॉर्मची मागणी अशी आहे: जेपीईजी, ४१३ × ५३१ पिक्सेल, २० ते १०० केबी. हे माप ३५ × ४५ मिलिमीटरच्या छायाचित्राचे, ३०० डीपीआयने मोजलेले. हाताशी आहे उभे एचईआयसी, ३०२४ × ४०३२ पिक्सेल, वजन १.८ एमबी.

पहिले पाऊल प्रमाणाचे. फॉर्मला ७:९ हवे, फोनने ३:४ दिले. रुंदी ३०२४ ठेवली तर उंची ३८८८ हवी, म्हणजे १४४ पिक्सेल उंचीतून कापायचे. न कापता थेट ४१३ × ५३१ मध्ये कोंबले, तर चेहरा आडवा रुंदावतो. फरक चार टक्क्यांच्या आतला असल्याने संगणकाला कळत नाही, छाननीला बसलेल्या माणसाला कळू शकतो. कापताना डोक्यावरची जागा राखावी आणि खालून, छातीकडून कापावे.

त्यानंतर माप कमी करायचे आणि दर्जा शेवटी ठरवायचा. हा क्रम उलटवू नये. अनेक जण आधी वजन उतरवण्यासाठी दर्जा शंभरपैकी ३०-४० वर आणतात आणि मग माप कमी करतात. त्यात चित्र दोनदा दाबले जाते, आणि केसांच्या व चष्म्याच्या कडांभोवती चौकडीचे डाग पडतात. माप आधी उतरवले की वजन आपोआपच कोसळते. मग दर्जा ९० ठेवूनही सहसा भागते. इमेजमॅजिक हे आज्ञांनी चालणारे चित्र-सॉफ्टवेअर संगणकावर असेल, तर सगळे एका ओळीत होते:

```
magick IMG_4521.HEIC -auto-orient -gravity north -crop 3024x3888+0+0 +repage -resize 413x531 -quality 90 photo.jpg
```

येथे gravity north म्हणजे वरचा भाग राखून खालचा कापणे. फाइल १०० केबीच्या वर गेली, तर ९० चे ८० करावे. २० केबीच्या खाली गेली (साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर असे होते), तर दर्जा ९५ करावा. माप वाढवू नये, कारण ते फॉर्मने ठरवून दिलेले आहे.

-auto-orient कशासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. फोन उभा धरला तरी कॅमेऱ्याचा सेन्सर आडवाच असतो. बऱ्याच जेपीईजी फाइलींमध्ये पिक्सेल आडवेच, ४०३२ × ३०२४ असे साठवलेले असतात आणि सोबत ‘दाखवताना फिरवा’ अशी एक नोंद असते. आपला फोन ती पाळतो. फॉर्म ती वाचत नसेल, तर उभे छायाचित्र त्याला आडवे दिसते: कधी मान कलंडलेली, कधी ‘रुंदी उंचीपेक्षा जास्त आहे’ म्हणून नकार. ही आज्ञा पिक्सेलच प्रत्यक्ष फिरवून टाकते. तरीही तयार फाइल एकदा डोळ्यांनी पाहावी, कारण जुन्या सॉफ्टवेअरांत चित्र दोनदा फिरल्याचेही आढळते.

संगणक नसेल तेव्हा

आयफोनवर छायाचित्र आधी Save to Files ने साठवावे, मग Files मध्ये त्यावर बोट दाबून धरून Quick Actions मधून Convert Image निवडावे. तिथे JPEG निवडता येते आणि लहान, मध्यम, मोठे अशी मापेही मिळतात, पण नेमके ४१३ × ५३१ मिळत नाही. तेवढे हवे असेल, तर नेमके पिक्सेल लिहू देणारे ॲप लागते. मॅकवर हे काम Preview करते. विंडोजवर Paint चालते, मात्र त्यासाठी HEIF Image Extensions आणि HEVC Video Extensions ही दोन्ही असावी लागतात. पहिले फुकट आणि दुसरे विकतचे असल्याने लोक एकच बसवतात आणि फाइल अजूनही उघडत नाही म्हणून चक्रावतात.

स्क्रीनशॉटचा मार्ग लोकप्रिय आहे, पण लंगडा. आयफोनचा स्क्रीनशॉट सहसा पीएनजी असतो, म्हणजे जेपीईजी मागणाऱ्या फॉर्मपुढे एका नकारातून दुसऱ्या नकारात. ऑनलाइन रूपांतर करून देणारी संकेतस्थळे काम करतात. मात्र ओळखपत्राचे किंवा सहीचे छायाचित्र तिथे चढवणे म्हणजे ते अनोळखी सर्व्हरवर ठेवणे, आणि मूळ फाइलमध्ये कुठे काढले त्याचे स्थानही असू शकते.

पुढच्या वेळी ही खटपट नको असेल, तर आयफोनच्या Settings मध्ये Camera, मग Formats, आणि तिथे Most Compatible निवडावे. त्यानंतरची छायाचित्रे जेपीईजी निघतात आणि अधिक जागा खातात. आधी काढलेली मात्र एचईआयसीच राहतात, आणि मापाचा प्रश्न या बटणाने सुटत नाही.