दुधाचा फेस: इलेक्ट्रिक जग घ्यावा की हातातला फ्रॉदर?

हातात धरायचा फ्रॉदर म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी रवीच. तो दूध घुसळतो, तापवत नाही. घुसळण्यातून थोडी उष्णता येत असेल असं वाटतं खरं, पण हिशोब करून बघा. त्याची मोटर तीनेक वॅटची धरली तर अर्ध्या मिनिटात दुधाला फार तर 90 जूल ऊर्जा मिळते. फ्रिजमधलं 150 मिलिलिटर दूध 5 अंशांवरून 65 अंश सेल्सिअसवर न्यायला मात्र साधारण 36 हजार जूल लागतात. म्हणजे घुसळण्याने तापमान एका अंशाचा जेमतेम सातवा भाग वाढतं. इलेक्ट्रिक जगच्या बुडाशी हीटर असतो. तो 450 वॅटचा असेल तर हेच काम दीडेक मिनिटात होतं, आणि घुसळणंही त्याच वेळी चालू असतं.

खरा फरक इथेच आहे. फेस टिकतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती ती पातळ पापुद्रा धरतात. या पापुद्र्याचा शत्रू म्हणजे अर्धवट वितळलेली चरबी. साधारण 20 ते 35 अंशांच्या पट्ट्यात चरबीचे कण थोडे घट्ट, थोडे पातळ असतात. त्यांतले टोकदार स्फटिक पापुद्रा फोडतात आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात. चाळिशीच्या पुढे चरबी पूर्ण वितळते आणि फेस पुन्हा जमू लागतो. म्हणून कोमट सायीच्या दुधावर फ्रॉदर कितीही फिरवला तरी मोठे, विरळ बुडबुडे येतात आणि मिनिटभरात बसतात. लोक बॅटरीला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा तापमानाचा असतो.

जग हा पट्टा अर्ध्या मिनिटाच्या आसपास ओलांडून जातो आणि साठी-पासष्टीला आपोआप थांबतो. हातातल्या फ्रॉदरला हे तुम्ही स्वतः जमवायचं. दूध आधी तापवा, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ उठली की आच बंद करा, मग घुसळा. उकळू देऊ नका. सत्तरीच्या वर दुधाला शिजल्याचा वास येऊ लागतो, आणि नंतर साय धरली की ती फ्रॉदरच्या तारेच्या कड्यात अडकते. गार पेयासाठी मात्र फ्रिजमधलं दूध तसंच घ्या, कारण तिथे चरबी बऱ्यापैकी घट्ट असते आणि फेसाच्या फारशी आड येत नाही.

जगच्या या सोयीची किंमत साफसफाईत मोजावी लागते. दूध 65 अंशांवर असलं तरी हीटरला चिकटलेलं बूड त्याहून बरंच तापतं. तिथे प्रथिनं आणि दुधातले कॅल्शियमचे क्षार मिळून एक थर बसतो. पहिला कप ओतल्याबरोबर जगमध्ये पाणी घातलं तर तो मऊ स्पंजने निघतो. न धुता दुसरा कप लावला तर थर भाजून तपकिरी होतो. मग उष्णता दुधात नीट शिरत नाही, बूड आणखी तापतं आणि तापमान मोजणारा भाग बुडाशीच असल्याने जग लवकर बंद पडू शकतो. बुडाशी तपकिरी कडं दिसलं आणि दूध नेहमीपेक्षा कोमट निघालं, तर आधी बूड नीट घासा, दुरुस्तीचं नंतर बघू. तारेची घासणी मात्र नको, आतला नॉनस्टिक थर जातो. ज्या जगला खाली विजेची जोडणी असते तो पाण्यात बुडवायचाही नसतो. ही कटकट नको असेल तर भांडं वेगळं काढून धुता येईल असा जग बघावा. हातातल्या फ्रॉदरचं म्हणाल तर वाटीभर पाण्यात पाच सेकंद फिरवला की झालं, फक्त वरचा मोटरचा भाग ओला करू नका.

राहिली क्षमता. जगच्या आत दोन वरच्या खुणा असतात, एक फेसासाठी, एक नुसतं तापवण्यासाठी. फेसाची खूण खालची असते, कारण दूध फुगून जवळपास दुप्पट होतं. 300 मिलिलिटरच्या जगमध्ये फेसासाठी अनेकदा 150 मिलिलिटरच मावतं. खोक्यावरचा मोठा आकडा बघून फसू नका.

आता चार जणांना प्रत्येकी 150 मिलिलिटर हवं आहे असं समजा. अशा जगला चार फेऱ्या लागतात, मधे विसळणं आलं, शिवाय काही जग दोन फेऱ्यांमध्ये निवू द्यावे लागतात. चौथा कप येईपर्यंत पहिला निवलेला असतो. याउलट 600 मिलिलिटर दूध पातेल्यात एकदम तापवा, त्यातलं पावशेर उंच, अरुंद भांड्यात काढून घुसळा, दूध कपांत ओता आणि फेस चमच्याने वाटून द्या. पातेल्यातच घुसळायला गेलात तर एवढ्याशा कड्याने सगळं दूध फिरत नाही आणि शिंतोडे उडतात ते वेगळंच.

रोज सकाळी एकच कप, तोही हातातली दुसरी कामं चालू असताना हवा असेल, तर मी जगच घेईन. पाहुण्यांचा राबता असेल तर पातेलं आणि हातातला फ्रॉदर.