पर्वती चढून झाली, तरी धाप का थांबत नाही?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढून गेलात की वर पाय थांबतात, श्वास मात्र थांबायचं नाव घेत नाही. पायांना आता काम नाही, मग एवढी हवा कुणासाठी?

१९२०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी याला ‘ऑक्सिजनचं कर्ज’ म्हटलं. चढताना ऑक्सिजन कमी पडला, स्नायूंनी लॅक्टिक आम्ल तयार करून वेळ मारून नेली आणि आता त्याची फेड चालू आहे, असा तो हिशेब. जिममध्ये तो अजूनही ऐकू येतो, पण पुरता जुळत नाही. मॅकआर्डल नावाच्या आनुवंशिक आजारात स्नायूंना स्वतःचं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडता येत नाही, त्यामुळे श्रम करूनही लॅक्टेट, म्हणजे त्याच लॅक्टिक आम्लाचं शरीरातलं रूप, फारसं वाढत नाही. तरी त्या रुग्णांनाही श्रमानंतर जादा ऑक्सिजन लागतोच.

कर्जासारखं काही असेल, तर ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत फिटतं. जोर लावल्यावर सुरुवातीच्या काही सेकंदांची ऊर्जा मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. हा साठा छोटा असतो. थांबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात त्याची निम्मी तूट भरून निघते आणि त्यासाठी ऑक्सिजन खर्ची पडतो. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनला आणि रक्तालाही आपापला ऑक्सिजन परत हवा असतो.

पुढे जे चालू राहतं ते कर्ज नव्हेच. अंग तापलेलं असतं आणि तापलेल्या पेशी ऑक्सिजन जास्त वापरतात. रक्तातलं ॲड्रेनलिन ओसरायला वेळ लागतो. शिवाय धाप टाकणाऱ्या छातीच्या स्नायूंना आणि धडधडणाऱ्या हृदयालाही ऑक्सिजन लागतोच की! उरलेलं बरंचसं लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू चक्क इंधन म्हणून वापरून टाकतात.

नाडीचं गणित थोडं वेगळं. थांबताच वेगस मज्जातंतू पुन्हा जोमाने काम करू लागतो आणि ठोके झपाट्याने उतरतात. वर पोचल्यावर नाडी १५० असेल आणि मिनिटभराने १३० झाली, तर उतार चांगला आहे. ट्रेडमिल चाचणीनंतर सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. वर जाऊन एकदम पुतळ्यासारखं उभं राहू नये. पोटऱ्यांचं आकुंचन थांबलं की रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं आणि भोवळ येऊ शकते. देवळाभोवती चार पावलं रमतगमत चालावं.

‘व्यायामानंतरही तासन् तास चरबी जळते’ या जाहिरातींचं काय? जळते, पण किती? हा जादा खर्च बहुधा मूळ व्यायामाच्या ६ ते १५ टक्के भरतो. सिंहगड चढताना ४०० कॅलरी गेल्या असं धरलं, तर नंतरच्या फार तर ६०. वरच्या गरम कांदाभजीच्या पहिल्या दोन-तीन घासांतच त्या वसूल!